टॉर्कची दिशा काढताना उजवा हात नेमका कसा धरायचा

टॉर्कच्या गणितात बहुतेकांचे आकडे बरोबर येतात आणि दिशा चुकते. rF sin θ मध्ये किमती भरल्या की उत्तर पडते. पण हा टॉर्क कागदातून वर येणारा की कागदात जाणारा, अधिक की उणे, इथे हात हवेत फिरू लागतो आणि शेवटी अंदाजाने काहीतरी लिहिले जाते. अकरावीत सदिशांचा गुणाकार शिकताना ही चूक एखाद्या गुणावर भागते. बारावीत, सीईटीत किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तीच चूक समतोलाचे अख्खे समीकरण उलटवते.

उजव्या हाताचा नियम तसा एका ओळीचा आहे. चुका होतात त्या नियम लावण्याआधीच्या तयारीत आणि अंगठ्याचा अर्थ लावण्यात. म्हणून इथे तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

जवळ काय हवे

दोन पेन्सिली हव्यात, एक लांब आणि एक आखूड. लांब पेन्सिल r साठी, आखूड F साठी. आट्यांचे झाकण असलेली पाण्याची बाटली, आकृतीचा कागद आणि मोकळा उजवा हात. ‘मोकळा’ हे मुद्दाम लिहिले आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या त्या हातात पेन असते, त्यामुळे घाईत आपसूक डावा हात पुढे येतो. डावा हात दर वेळी बरोबर उलटी दिशा देतो, आणि ती इतक्या ठामपणे देतो की संशयही येत नाही. हात वापरण्याआधी पेन खाली ठेवायची सवय लावून घ्या.

१. आधी आस ठरवा, मग r काढा

टॉर्क नेहमी कशाभोवती तरी असतो. तो बिंदू ठरवल्याशिवाय दिशेचा प्रश्नच विचारता येत नाही. एक आडवी दांडी घ्या आणि तिच्या मधोमध वरच्या दिशेने १० न्यूटन बल लावा. डाव्या टोकाभोवती पाहिले तर हे बल दांडीला घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरवू पाहते. उजव्या टोकाभोवती पाहिले तर काट्यांच्या दिशेने. बल तेच, जागा तीच, तरी टॉर्कची दिशा उलटी.

बिंदू ठरला की त्यावर ठळक टिंब काढून ‘आस’ असे लिहा. तिथून बल जिथे लागते त्या बिंदूपर्यंत बाण काढा. हाच r. त्याची शेपूट आसेवर आणि टोक बलाच्या जागेवर. उलटा, म्हणजे बलाकडून आसेकडे काढलेला r ही फार वेळा दिसणारी चूक आहे, कारण डोळा आधी बलाच्या बाणाकडे जातो आणि पेन तिथूनच सुरू होते. r उलटला की टॉर्कही उलटतो.

२. दोन्ही बाणांच्या शेपट्या एकत्र आणा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात आणि पुस्तकातली आकृती त्यांना हातभार लावते. आकृतीत बल r च्या टोकावर काढलेले असते, म्हणजे r चे टोक आणि F ची शेपूट एकत्र आलेली असतात. आकृती म्हणून ते बरोबरच आहे, कारण बल तिथेच लागते. पण क्रॉस प्रॉडक्टचा कोन हा शेपटीला शेपटी जोडल्यावर मधे पडणारा कोन असतो.

म्हणून F चा बाण त्याची दिशा अजिबात न बदलता सरकवा आणि त्याची शेपूट आसेवर आणा. पेन्सिलींनी हे पटकन जमते. लांब पेन्सिल r वर ठेवा, आखूड पेन्सिल F वर ठेवा आणि ती न फिरवता घसरत आसेपाशी न्या. कागदावर करायचे असेल तर r ची रेषा टोकाच्या पुढे ठिपक्यांनी वाढवा. ही वाढवलेली रेषा आणि F यांच्यातला कोन हाच खरा θ.

इथे चूक झाली तरी आकडा बरोबर येतो, आणि म्हणून ती सापडत नाही. समजा आकृतीत दांडी आणि दोरी यांच्यात ३०° दिसतात. शेपट्या एकत्र आणल्यावर कोन होतो १५०°. sin ३०° आणि sin १५०° दोन्ही ०.५ च. आकडा तोच मिळतो, पण बोटे कुठून कुठे वळवायची हे पार बदलते. पायरी ५ मध्ये नेमके हेच गणित घेतले आहे.

३. बोटे r वर, वळण F कडे

सूत्र τ = r × F असे आहे. आधी r, मग F. क्रम बदलला तर दिशा उलटते. इथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. r उलटा काढला आणि शिवाय क्रमही उलटा धरला, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येते. त्यामुळे एखादे उत्तर जुळले एवढ्यावरून आपली पद्धत बरोबर आहे असे धरू नका.

आता हात असा धरा. उजव्या हाताची चार बोटे सरळ करून r च्या दिशेने न्या, म्हणजे मनगट आसेवर आणि बोटांची टोके बलाच्या जागेकडे. मग तळवा F च्या बाजूला तोंड करील असा हात मनगटातून फिरवा. आता बोटे F कडे मिटा. ती तळव्याच्या बाजूलाच मिटतात, म्हणून तळवा आधी फिरवून घेणे महत्त्वाचे. अंगठा बोटांना काटकोनात ताठ ठेवा. तो दाखवतो ती टॉर्कची दिशा.

वळण १८०° पेक्षा कमी असलेच पाहिजे. बोटे मिटताना F पर्यंत पोचायला लांबचा फेरा पडतोय असे वाटले, तर तळवा चुकीच्या बाजूला आहे. हात पालथा करा. कधी कधी मनगट इतके पिळवटते की हात नीट बसत नाही. अशा वेळी हात ओढूनताणून बसवण्यापेक्षा कागदच फिरवा किंवा खुर्चीवर जरा वळून बसा.

r आणि F एकाच रेषेत असतील तर बोटांना वळायला जागाच नसते. तिथे टॉर्क शून्य असतो आणि दिशेचा प्रश्न उरत नाही. दाराचे कडे धरून ते सरळ बिजागरीकडे दाबले तर दार हलत नाही, ते याचमुळे.

काही जण तीन बोटांची पद्धत वापरतात. अंगठा r, तर्जनी F आणि मधले बोट τ. तर्जनी r, मधले बोट F आणि अंगठा τ अशीही एक मांडणी आहे. दोन्ही बरोबर आहेत, कारण क्रम तोच राहून फक्त एक घर सरकलेला असतो. पण दोन्ही डोक्यात ठेवल्या तर ऐनवेळी तिसरीच मांडणी तयार होते. त्यातून दहावीत पाठ केलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही मधे येतो. तो विद्युतधारेवर चुंबकीय क्षेत्रात लागणाऱ्या बलासाठी आहे आणि त्यातली बोटे वेगळ्या राशींना वाटून दिलेली आहेत. टॉर्कसाठी चार बोटांची पद्धत धरा आणि तीच एक धरा, कारण तिच्यात बोटांचे वळण हेच वस्तूचे फिरणे असते. तिथे पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

४. अंगठ्याचा अर्थ नीट लावा

टेबलावर एक बोल्ट उभा आहे आणि त्यावर नट बसवलेला आहे असे समजा. २५ सेंटिमीटर लांबीचा पाना नटाला लावला आहे आणि त्याचा दांडा तुमच्या उजवीकडे आला आहे. दांड्याच्या टोकाला, त्याला काटकोनात, तुमच्यापासून दूर ढकलणारे ८० न्यूटन बल लावले. टॉर्क ०.२५ × ८० = २० न्यूटन-मीटर. बोटे उजवीकडे, वळण दूरच्या बाजूला, अंगठा वर छताकडे.

इथे नवा माणूस थबकतो. पाना आडवा फिरतोय, बल आडवे आहे, मग वर काय जातेय? काहीच जात नाही. अंगठा दाखवतो तो फिरण्याचा अक्ष आणि त्या अक्षाची कोणती बाजू. त्या दिशेने कोणतेही बल लागत नाही. फिरण्याची दिशा एका बाणाने सांगायची तर फिरणाऱ्या पातळीतला बाण उपयोगाचा नाही, कारण त्या पातळीत प्रत्येक कणाची दिशा वेगळी असते आणि क्षणोक्षणी बदलते. फिरताना न बदलणारी दिशा एकच, ती म्हणजे अक्षाची.

पडताळ्यासाठी बाटली घ्या. झाकण वरून बघत घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरवा. ते सुटून वर येते. उजव्या हाताची बोटे त्याच दिशेने वळवा, अंगठा वरच असेल. काट्यांच्या दिशेने फिरवा, झाकण खाली बसते आणि अंगठाही खाली जातो. साधे आटे असलेले झाकण, नट किंवा स्क्रू अंगठ्याच्या दिशेने सरकतो. हात गोंधळला तर मनात झाकण फिरवून बघा.

हा पडताळा उलट्या आट्यांवर चालत नाही. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात. तिथे टॉर्कची दिशा हाताने काढाल तीच खरी, फक्त पेडल त्या दिशेच्या विरुद्ध सरकते. नियम टॉर्कचा आहे, सरकणे आट्यांमुळे होते.

कागदावर लिहिताना बाहेर येणाऱ्या दिशेसाठी वर्तुळात टिंब ⊙ आणि आत जाणाऱ्या दिशेसाठी वर्तुळात फुली ⊗ काढतात. पहिले म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या बाणाचे टोक, दुसरे म्हणजे दूर जाणाऱ्या बाणाची पिसे. x उजवीकडे आणि y वर असेल तर ⊙ म्हणजे अधिक z.

५. दुकानाची पाटी: एक गणित पूर्ण सोडवू

भिंतीला बिजागरीने जोडलेली २ मीटर लांबीची आडवी दांडी उजवीकडे बाहेर आली आहे. दांडी आणि तिच्यावरची पाटी मिळून १० किलो आहे. हे वजन दांडीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून १ मीटरवर आहे असे धरू. g = १० घेतला तर ते १०० न्यूटन. दांडीच्या टोकापासून एक तार तिरकी वर जाऊन भिंतीला बांधली आहे आणि तार व दांडी यांच्यात ३०° आहेत. तारेतला ताण T किती?

आस बिजागरीवर घेऊ. बिजागरी दांडीला किती जोराने आणि कुठल्या दिशेने धरते हे आपल्याला माहीत नाही, पण त्या बलाचा r शून्य असल्याने ते समीकरणात येतच नाही. आस कुठेही घेता येते, पण इथे घेतली की एक अज्ञात राशी आपोआप बाजूला होते.

वजनाचा r उजवीकडे १ मीटर आणि F खाली. बोटे उजवीकडे, तळवा कागदाच्या खालच्या कडेकडे, बोटे तिकडे मिटली की अंगठा कागदात जातो. म्हणून ⊗, आणि मान १ × १०० = १०० न्यूटन-मीटर.

आता तार. r उजवीकडे २ मीटर. ताण दांडीला कुठे ओढतो? तारेच्या बाजूने वर आणि डावीकडे, भिंतीकडे. तार दांडीला ओढतेच, ढकलत नाही. ही दिशा आधी नक्की करा. मग ताणाचा बाण सरकवून त्याची शेपूट बिजागरीवर आणा. आता r उजवीकडे आणि T वर-डावीकडे, मधला कोन १५०°. बोटे उजवीकडे ठेवा, तळवा कागदाच्या वरच्या कडेकडे करा आणि बोटे मिटा. अंगठा कागदातून बाहेर येतो. म्हणून ⊙, आणि मान २ × T × ०.५ = T.

समतोलासाठी दोन्ही सारखे हवेत, म्हणून T = १०० न्यूटन.

बाण न सरकवता हेच केले तर काय होते ते पाहा. दांडीच्या टोकाशी डोळ्याला ३०° चा कोन दिसतो. एक बाजू टोकाकडून डावीकडे जाणारी दांडी, दुसरी बाजू वर-डावीकडे जाणारी तार. बोटे दांडीवर, म्हणजे डावीकडे ठेवून तारेकडे वळवली की अंगठा कागदात जातो. मान पुन्हा T च. आता दोन्ही टॉर्क ⊗ झाले आणि समीकरणातून T = −१०० आले. बरेच जण इथे उणे चिन्ह खोडून पुढे जातात. ते खोडू नका. तारेचा ताण उणे येणे म्हणजे तार दांडीला ढकलतेय असे म्हणणे. असे उत्तर दिसले की थेट पायरी २ वर परत या.

६. त्रिमितीत: भिंतीतून आलेला वाकडा पाइप

वरच्या गणितात सगळे एका पातळीत होते, त्यामुळे उत्तर ⊙ नाहीतर ⊗ एवढेच. आता पातळी सोडू.

भिंतीत आट्यांनी बसवलेला पाइप सरळ तुमच्याकडे ३० सेंटिमीटर बाहेर आला आहे. तिथे एल्बो लावून तो तुमच्या उजवीकडे ४० सेंटिमीटर गेला आहे. त्याच्या टोकाला ५० न्यूटनचे वजन टांगले. पाइपचे स्वतःचे वजन सोडून देऊ. भिंतीतल्या सांध्याभोवती टॉर्क कोणत्या दिशेचा?

अक्ष ठरवू. x भिंतीतून तुमच्याकडे, y तुमच्या उजवीकडे, z वर. पुढे जाण्याआधी एक तपासणी कराच. उजव्या हाताची बोटे x वरून y कडे वळवा. अंगठा z वर आला तरच हे अक्ष उजव्या हाताचे आहेत. इथे येतो. अक्ष चुकीचे मांडले तर घटकांचे सूत्र आणि हात यांची उत्तरे एकमेकांच्या उलट येतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

r = (०.३, ०.४, ०) मीटर, F = (०, ०, −५०) न्यूटन. हाताने काढताना r चे दोन तुकडे करा, कारण तिरक्या r वर हात धरणे अवघड जाते.

पहिला तुकडा ०.३, तुमच्याकडे येणारा. बोटे स्वतःकडे, तळवा जमिनीकडे. अंगठा उजवीकडे, म्हणजे अधिक y. मान ०.३ × ५० = १५.

दुसरा तुकडा ०.४, उजवीकडे जाणारा. बोटे उजवीकडे, तळवा जमिनीकडे. अंगठा भिंतीकडे, म्हणजे उणे x. मान ०.४ × ५० = २०.

आता सूत्राने ताळा:

```
τx = y·Fz − z·Fy = (०.४)(−५०) − ० = −२०
τy = z·Fx − x·Fz = ० − (०.३)(−५०) = +१५
τz = x·Fy − y·Fx = ०
```

τ = (−२०, १५, ०) न्यूटन-मीटर. एकूण मान २५, आणि r ची लांबी ०.५ गुणिले ५० हेही २५.

डिटरमिनंट मांडून सोडवणारे मधल्या घटकाचे उणे चिन्ह हमखास विसरतात आणि τy = −१५ लिहितात. मान तरीही २५ च येते, म्हणून मानावरून ही चूक दिसत नाही. यासाठी दुसरी चाळणी लावा. टॉर्क r ला काटकोनात असतो, म्हणून दोघांचा डॉट प्रॉडक्ट शून्य यायला हवा. बरोबर उत्तराने (−२०)(०.३) + (१५)(०.४) = −६ + ६ = ०. चुकलेल्या उत्तराने −६ − ६ = −१२. चूक लगेच पकडली जाते. F शीही असाच गुणाकार करून बघावा, पण इथे F फक्त z वर असल्याने तो दोन्ही वेळा शून्यच येतो आणि काही सांगत नाही. शिवाय सगळीच चिन्हे उलटी झाली असतील, म्हणजे (२०, −१५, ०) आले असेल, तर या चाळणीतूनही ते सुटते. तिथे हातच लागतो. म्हणून त्रिमितीत हात आणि सूत्र दोन्ही वापरावे.

या दोन घटकांचा प्रत्यक्ष अर्थही बघण्यासारखा आहे. y वरचा १५ पाइपला वाकवू पाहतो, तुमच्याकडचे टोक खाली नेऊ पाहतो. x वरचा −२० पाइपला त्याच्याच आट्यांत फिरवतो. अंगठा भिंतीकडे, म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या तुम्हाला तो फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दिसतो. ‘तुम्हाला’ हा शब्द इथे गरजेचा आहे. भिंतीपलीकडून बघणाऱ्याला तोच फेरा काट्यांविरुद्ध दिसेल, पण अंगठ्याची दिशा दोघांनाही तीच मिळेल. त्रिमितीत ‘काट्यांच्या दिशेने’ एवढेच लिहिलेले उत्तर अर्धवट असते. कुठून बघून, हेही लिहा, नाहीतर सरळ −x लिहा.

आटे साधे असतील तर या वजनाने पाइप भिंतीत घट्ट होत जातो. आता एल्बो डावीकडे वळवलेला आहे असे धरा आणि बाकी सगळे तसेच ठेवा. r = (०.३, −०.४, ०). बोटे डावीकडे, तळवा जमिनीकडे, आणि अंगठा भिंतीतून तुमच्याकडे येतो. τ = (+२०, १५, ०). वाकवणारा भाग तसाच राहिला, पिळणारा भाग उलटला, आणि तेच ५० न्यूटनचे वजन आता पाइपला आट्यांतून सोडवू लागले.